दोन कट्टे, एकच चेहरा

नागपूरच्या इतवारीत तांदळाची दलाली करताना अर्धा दिवस फोनवर आलेले फोटो पाहण्यातच जातो. कुणाला ‘सेम हाच माल’ हवा असतो, कुणाला तोच माल दोन रुपये कमी भावात. बहुतेक फोटोंना उत्तर देऊन मी मोकळा होतो, पण जानेवारीत मेडिकल चौकाकडच्या एका मेसवाल्या ताईंचा आलेला फोटो अख्खा दिवस खाऊन गेला.

“भाऊ, तांदूळ तोच आणला, पण भात गिचका होऊन राहिला. पोरं ताट तसंच ठेवून उठतात,” ताई फोनवर म्हणाल्या. सोबत कट्ट्याचा फोटो होता. लाल-हिरवी पिशवी, दोन्ही बाजूंनी धानाच्या लोंब्या, मधे गोलात ब्रँडचं नाव आणि खाली ठसठशीत ‘एचएमटी’. ही पिशवी मी ओळखतो. गोंदियाकडच्या एका मिलचा हा माल, ताई तो नेहमीच घेतात.

समोरची बाजू पाहून मी कधीच निकाल देत नाही. ‘एचएमटी’ हे धानाच्या वाणाचं नाव, ते कुणा एका कंपनीचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून हे वाण तयार केलं आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव मिळालं. आज कुणीही आपल्या पिशवीवर ते छापतं. म्हणून त्या तीन अक्षरांवरून आत कोणत्या मिलचा, कोणत्या प्रतीचा माल आहे ते कळत नाही.

ताईंना म्हटलं, “मागची बाजू पाठवा. पिशवी सपाट आडवी टाका, फ्लॅश बंद ठेवा आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” प्लास्टिकच्या पिशवीवर फ्लॅश चमकला की नेमकी बारीक अक्षरं पांढरी होतात आणि साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दबून येतो. तळाची शिवण आणि तोंडाजवळची पट्टीही फोटोत मागितली, कारण पॅकिंगचा महिना आणि बॅच नंबर बहुधा तिथंच शिक्क्यानं मारलेला असतो. कट्टा फोडताना तोच तुकडा फाडून फेकला जातो. नशिबानं मेसमध्ये भांडी झाकायला मागच्या महिन्याची रिकामी पिशवी ठेवलेली होती, तिचाही फोटो मागितला.

दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा गोष्ट उलगडली. नव्या पिशवीवर ब्रँडच्या नावाआधी एक लहानसं ‘श्री’ होतं, लोंबीच्या रंगात मिसळलेलं. जुन्या पिशवीवर ‘उत्पादन व पॅकिंग’ म्हणून गोंदियाच्या मिलचा पत्ता होता. नवीवर फक्त ‘पॅकिंग’ होतं आणि पत्ता नागपूरचा. म्हणजे नवा माल कुठल्या तरी मिलमधून घेऊन कुणी व्यापाऱ्यानं भरला होता. यात बेकायदेशीर काही नाही, असे अनेक ब्रँड चांगला माल देतात. पण मिल वेगळी म्हणजे माल वेगळा, हे गिऱ्हाइकाला कळायला हवं.

एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर मी नेहमी शेवटपर्यंत वाचतो. पहिला १ म्हणजे लायसन्स, २ म्हणजे लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. दोन्ही पिशव्यांवर ११५ नंच सुरुवात होती, पण पुढचे आकडे वेगळे. एफएसएसएआयच्याच फॉसकॉस या साइटवर नंबर टाकला की धारकाचं नाव आणि पत्ता दिसतो. तिथंही दोन वेगळी नावं निघाली.

खरा फरक मात्र एका शब्दाचा होता. जुन्या पिशवीवर ‘एचएमटी’खाली ‘स्टीम’ लिहिलेलं होतं, नवीवर ते नव्हतं. स्टीममध्ये भरडण्याआधी धानाला थोडा वेळ वाफ देतात. दाण्यातला स्टार्च थोडा घट्ट होतो, दाणा कडक बनतो, मिलमध्ये कमी तुटतो आणि भात सुटा होतो. कच्चा तांदूळ, त्यातही नुकत्याच निघालेल्या धानाचा, जास्त पाणी ओढत नाही आणि लवकर चिकटतो. आपल्याकडे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलं जातं, त्यामुळे जानेवारीत बाजारात नव्या मालाचा जोर असतो. नव्या पिशवीवरचा पॅकिंगचा महिना जानेवारीच होता. पण पॅकिंगच्या तारखेवरून तांदळाचं वय ठरत नाही. जानेवारीत भरलेल्या पिशवीत मागच्या हंगामाचा जुना तांदूळही असू शकतो.

म्हणून दाणा पाहणं भाग होतं. ताईंना काळ्या कापडावर, खिडकीच्या उजेडात, दोन्ही तांदळांचे दहा-दहा दाणे टोकाला टोक लावून फूटपट्टीजवळ मांडायला सांगितले. जुन्या कट्ट्यातला मूठभर तांदूळ डब्यात उरला होता, तो इथं कामाला आला. दोन्ही नमुने एकाच फोटोत हवेत हा माझा हट्ट असतो. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या मनानं बदलतो, त्यामुळे वेगवेगळ्या फोटोंवरून रंगाची तुलना केली तर फसायला होतं.

फोटो आला. लांबीत दोन्ही सारखेच, दहा दाणे सहा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे एक दाणा सहा मिलिमीटरपेक्षा कमी. एचएमटीला हे शोभतं. पण जय श्रीरामसारखा बारीक तांदूळही तेवढाच दिसतो. फोटोवरून या दोघांत मी शपथेवर फरक सांगणार नाही, त्यासाठी दाणा हातात घ्यावा लागतो आणि भात शिजवून पाहावा लागतो. इथं रंगानं मात्र साक्ष दिली. जुन्या पिशवीतले दाणे किंचित पिवळसर, काचेसारखे, तर नवे पांढरेफटक आणि काहींच्या पोटात खडूसारखा डाग. नवा माल स्टीमचा नव्हता, पिशवीही तसा दावा करत नव्हती.

आता भाव. ताईंना कट्ट्यामागे एकशे दहा रुपये वाचल्याचं समाधान होतं, जुना १५६० चा आणि नवा १४५० चा. पण जुना कट्टा २६ किलोचा होता, नवा २५ चा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी आला, तेव्हापासून बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. किलोला हिशेब केला तर ६० आणि ५८. दोन रुपयांच्या फरकात स्टीम सोडून कच्चा माल घेतला गेला होता.

ताई चिडल्या, “मग दुकानदारानं मला फसवलं का जी?” मी म्हणालो, “ताई, पिशवीवर ‘स्टीम’ लिहिलेलंच नव्हतं. तुम्ही ‘तोच’ मागितला, त्यानं तसाच दिसणारा दिला. आता न फोडलेले कट्टे बिलासकट परत न्या आणि ‘स्टीम’ शब्द दाखवून मागा.” दोन कट्टे दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिले. फोडलेल्याच्या भातासाठी पाणी कमी करून पाहा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी कळवलं की भात बराच सुटला, मात्र वरणाशिवाय खायला अजून जडच जातो. तो कट्टा त्यांनी खिचडीला लावला.

तेव्हापासून ताई तांदूळ घ्यायच्या आधी दुकानातूनच मला फोटो पाठवतात, मागची बाजू आधी आणि समोरची नंतर.