फरक त्रेसष्ट हजारांचा

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी सांभाळते. महिन्याची नऊ तारीख होती आणि विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरायला अकरापर्यंतची मुदत होती. सकाळीच पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्याकडून २,४१,५०० रुपये येणं असल्याचं आमचं स्मरणपत्र त्यांना गेलं होतं.

"मॅडम, आम्ही तुमचं एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशेच देणं लागतो. माल परत पाठवला तो कुठे गेला?" आवाजात राग होता, आणि तो रास्त होता.

मी दोन्ही आकडे कागदावर मांडले. फरक ६३,००० रुपये. परतीच्या मालाची नोंद राहून गेली असती, तर फरक परतीच्या रकमेइतकाच आला असता. म्हणून आधी मूळ बिल काढलं. १,००० टॉवेल, दर २०० रुपये, किंमत दोन लाख, त्यावर ५ टक्के जीएसटी दहा हजार, एकूण २,१०,०००. त्यातल्या १५० टॉवेलांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, म्हणून ते परत आले. त्यांची किंमत ३०,००० आणि कर १,५००, म्हणजे ३१,५००. आणि ६३,००० म्हणजे याची बरोबर दुप्पट.

फरक दुप्पट आला की मी आधी नोंदीची बाजू तपासते. जी रक्कम खात्यातून वजा व्हायला हवी ती मिळवली गेली, तर एकदा वजा न झाल्याचा आणि एकदा जास्त मिळवल्याचा असा दोनदा फरक पडतो. २,१०,००० मधून ३१,५०० वजा केले की १,७८,५०० उरतात, आणि मिळवले की २,४१,५००. दोघांचे आकडे हेच होते.

फाइलमध्ये कारण सापडलं. पुण्याच्या दुकानाने मालाबरोबर आपली डेबिट नोट पाठवली होती. त्यांच्या वहीत आम्ही ज्यांचं देणं आहे अशांच्या यादीत, म्हणजे आमचं खातं जमेला. माल परत केला म्हणून त्यांनी आम्हाला नावे टाकलं आणि त्यांचं देणं कमी झालं. तोच व्यवहार आमच्या वहीत उलटा दिसायला हवा. तिथे त्यांचं खातं नावे आहे, म्हणून आम्ही क्रेडिट नोट काढून त्यांना जमा द्यायचं आणि परतीची रक्कम विक्री परत खात्याला नावे टाकायची. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने कागदावरचं शीर्षक वाचून हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये डेबिट नोटच उघडली होती. त्याला ही उलटापालट कुणी समजावलीच नव्हती.

विवरणपत्र अजून गेलेलं नव्हतं हे फार बरं झालं. तसंच गेलं असतं, तर १,५०० रुपये कर कमी होण्याऐवजी तेवढाच वाढला असता, आणि पुण्याच्या दुकानाला खरेदीवरच्या कराचा तपशील दाखवणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्येही चुकीची नोंद दिसली असती. मी चुकीचं व्हाउचर काढून टाकलं आणि मूळ बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोट केली. तीस हजार किंमत, ७५० केंद्राचा कर, ७५० राज्याचा. खरेदीदाराने या मालावर घेतलेलं १,५०० चं कराचं क्रेडिट उलटवलं तरच विक्रेत्याला आपला कर कमी करता येतो. त्यांनी ते उलटवल्याचं फोनवर विचारून घेतलं, आणि खातेउताराही मागवला. आता दोन्हीकडे १,७८,५०० जुळत होते.

मग मालकांनी विचारलं, "रंग उतरला तो सुतामुळे. सूतवाल्याला आपण डेबिट नोट लावूया ना?"

लावली. पण इथे सूत विणून झालेलं, परत करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. सदोष सुताची किंमत आम्ही १८,००० धरली, कर ९००, एकूण १८,९००. मालकांना वाटलं, तेवढं देणं कमी झालंच. मी त्यांना थांबवलं. आपण काढलेली डेबिट नोट म्हणजे आपली मागणी. समोरच्याने ती मान्य करून क्रेडिट नोट दिल्याशिवाय त्याच्या वहीत येणं कमी होत नाही, आणि कराचा हिशेबही त्याच्याच क्रेडिट नोटवर चालतो. शिवाय कर कमी करून घेण्यासाठी त्यालाही मुदत असते: पुरवठा ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याने वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. म्हणून हे भांडण लांबवणं मला मंजूर नव्हतं.

रंगाचा नमुना आणि धुतलेले दोन टॉवेल घेऊन मालक स्वतः सूतवाल्याकडे गेले. त्याने १२,००० ची चूक मान्य केली आणि करासह १२,६०० ची क्रेडिट नोट दिली. आमची १८,९०० ची नोंद मी त्याप्रमाणे १२,६०० वर आणली, आणि उरलेले ६,३०० पुन्हा त्याच्या देण्यात धरून पुढच्या चेकमध्ये दिले.