तुम्ही विचारलंत म्हणून: खालच्या पुटबद्दल

"शेअर हातात आहेत, त्यावर कॉल विकलेलाच आहे. मग खाली एक पुटही विकला तर बिघडलं कुठे? तोही कव्हर्डच झाला ना?"

नाही झाला. कॉल अंगावर आला तर द्यायला शेअर आहेत. पुट अंगावर आला तर शेअर घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागतो पैसा. हातातले शेअर तिथे कामाचे नाहीत, कारण पुट अंगावर येतो तेव्हा तेही पडलेलेच असतात.

माझा सौदा सांगतो, म्हणजे दरवेळी तोंडी हिशोब नको. जानेवारी 2024, एचडीएफसी बँक, 550चा लॉट. (भाव बोनसच्या आधीचे आहेत, आजच्या भावाशी ताडू नका.) शेअर 1,655 ला घेतले. 1,720 चा कॉल 12 रुपयांना विकला आणि 1,620 चा पुट 18 ला. पुटचा प्रीमियम कॉलपेक्षा जास्त होता आणि तोच मोहात पाडत होता. वर 1,720 पर्यंत गेला तर शेअरमागे 95 रुपये, आणि 1,625 पर्यंत खाली आला तरी नुकसान नाही. कागदावर सौदा देखणाच दिसत होता.

16 जानेवारीला बाजार बंद झाला तेव्हा भाव 1,679 च्या आसपास होता. दोन्ही ऑप्शन माझ्या बाजूने झिजत होते. त्या संध्याकाळी तिमाही निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर साडेआठ टक्क्यांच्या आसपास कोसळून 1,537 च्या घरात बंद झाला. आदल्या दिवशी ज्या पुटकडे बघायचीही गरज नव्हती, तो एका रात्रीत 83 रुपये आत गेला. स्टॉपलॉस वगैरे मला सांगू नका. भाव मधल्या पायऱ्यांवर थांबलाच नाही.

खरी कोंडी मार्जिनची झाली. मी तेच शेअर प्लेज करून पुटचं मार्जिन भरलं होतं. शेअर पडला तशी तारणाची किंमत घटली, आणि त्याच पडझडीमुळे पुटचं मार्जिन वाढलं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आवळलं. शॉर्टफॉलचा मेसेज आला तेव्हा पर्याय दोनच होते: रोख आणा, नाहीतर पुट तोट्यात परत घ्या. मी रोख आणली. चूक की बरोबर, यावर अजून स्वतःशीच भांडतो. त्या दिवशी पुट परत घेतला असता तर तोटा बराच आटोक्यात राहिला असता. पण तेव्हाचा मी म्हणतो, इतकी चांगली बँक, इथून आणखी किती पडणार? आजचा मी त्याला उत्तर देऊ शकतो, कारण मला पुढचे भाव माहीत आहेत. त्याला नव्हते.

25 तारखेला, एक्सपायरीला, भाव 1,435 च्या आसपास. शेअरवर 220 रुपये गेले, पुटवर 185. हातात आलेला प्रीमियम 30. म्हणजे शेअरमागे 375 आणि लॉटवर 2,06,250 रुपये. नुसता कव्हर्ड कॉल असता तर 1,14,400 गेले असते. शेअर तेरा टक्के पडला आणि मूळ गुंतवणुकीवर माझा तोटा साडेबावीस टक्क्यांच्या वर. 1,620 च्या खाली प्रत्येक रुपयाला माझे दोन जात होते.

शिवाय स्टॉक ऑप्शनचं सेटलमेंट डिलिव्हरीने होतं. पुट अंगावर आला, म्हणजे आणखी 550 शेअर 1,620 नेच उचलायचे: 8,91,000 रुपये. बाजारात तोच शेअर 1,435 ला मिळत असताना.

आता मुद्द्याचं. कव्हर्ड कॉलचा नफा-तोट्याचा आलेख काढून बघा. वर मर्यादित नफा, खाली मोकळं मैदान: तो 1,720 चा पुट विकल्यासारखाच आहे. त्यात 1,620 चा आणखी एक विकला की एकाच शेअरवर दोन पुट विकलेले असतात. "स्ट्रँगल आहे, दोन्हीकडे संतुलन आहे" असं मला सांगणारे हे विसरतात की कॉलचा धोका शेअरने आधीच झाकलेला आहे. उघडा राहतो तो फक्त खालचा. आणि कॉलचे 12 रुपये एकदाच मिळतात. भाव पडत राहिला तरी तेरावा मिळत नाही.

मग मी हे सोडलं का? नाही. दुसरा लॉट 1,620 ला खरंच हवा असेल आणि त्याचे पैसे बाजूला ठेवलेले असतील तर हा सौदा ठीक आहे. पण मग सुरुवातीपासूनच हा 18 लाखांचा सौदा धरायचा, 9 लाखांचा नव्हे, आणि परतावाही 18 लाखांवर मोजायचा. 30 रुपयांचे 16,500 तिथे टक्काभरही भरत नाहीत. अर्धा लॉट विकता येत नाही, म्हणून छोट्या खात्यात हे जमवताच येत नाही. निकालाच्या आठवड्यात मी पुट विकत नाही. पण प्रीमियम जाड असतो तो नेमका त्याच आठवड्यात, आणि मग उरलेल्या महिन्यांत मिळणाऱ्या पैशात ही जोखीम परवडते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.