भोक बारीक, फोटो धूसर

पिनहोल कॅमेऱ्यात लेन्स नाही, फोकस नाही, आहे तो नुसता एक बंद डबा आणि त्याला एक भोक, आणि डबा करायला बसलेला जवळजवळ प्रत्येकजण धरूनच चालतो की भोक जितकं बारीक तितका फोटो शार्प. तसं म्हणणं अगदीच चूक नाहीये. लांबच्या एखाद्या ठिपक्यावरून येणारे किरण जवळपास समांतर असतात, ते भोकातून आत शिरले की मागच्या कागदावर भोकाएवढाच गोल डाग पाडतात. १ मिमीचं भोक, १ मिमीचा डाग.

पण प्रकाश ही लाट आहे, तिला जितक्या चिंचोळ्या वाटेतून ढकलाल तितकी ती पलीकडे फाकते. हेच डिफ्रॅक्शन, आणि त्याचा डाग उलटा वागतो, भोक निम्मं केलं की तो दुप्पट. आता आपला डबा घ्या, भोकापासून कागद १० सेंमीवर. १ मिमीच्या भोकाला डिफ्रॅक्शनचा डाग जेमतेम ०.१३ मिमी, म्हणजे तिथे सरळ किरणांच्या भूमितीचंच राज्य. भोक ०.१ मिमी केलं तर भूमितीचा डाग ०.१ पण डिफ्रॅक्शनचा चक्क १.३४ मिमी! एवढी मेहनत करून फोटो आधीपेक्षा धूसर, वर उजेड शंभरपट कमी.

दोन्ही डाग सारखे होतात ते ०.३७ मिमीच्या आसपास. रॅलेनं, म्हणजे आकाश निळं का ते सांगणाऱ्या त्याच लॉर्ड रॅलेनं, १८९१ मध्ये पिनहोल फोटोग्राफीवर लिहिलं होतं, त्याच्या सूत्रानं हेच उत्तर ०.४५ येतं. शार्प कशाला म्हणायचं त्यावर हा फरक पडतो, पण माझ्या मते त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ०.३ ते ०.४५ मध्ये डोळ्याला फारसा फरक दिसतच नाही.

खरी गडबड भोकाच्या कडेत असते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा सुईनं टोचला की मागे खरखरीत ओठ उरतो, तो बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, परत सुई फिरवायची, मग पत्रा स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करायचा. एक पिक्सेल साधारण ०.०२ मिमी, म्हणजे भोक सतरा-अठरा पिक्सेल भरलं की झालं, शिवाय ते गोल आहे की अंडाकृती तेही तिथेच कळतं.

आणि शार्पनेस अजून हवाच असेल तर भोकाचा नाद सोडा, डबा मोठा करा. अंतर चौपट, ४० सेंमी, तर योग्य भोक फक्त दुप्पट, ०.७३ मिमी. डाग दुप्पट झाला पण चित्र चौपट मोठं, म्हणजे बारकावे दुप्पट दिसणार. फक्त उन्हात जिथे फोटो पेपरला पाऊण मिनिट पुरायचं तिथे आता तीन मिनिटं डबा हलू द्यायचा नाही.