ग्रंथपाल बाईंच्या आभाराचं भाषण आणि मंजुरीचा घोळ

नववीच्या वर्गातर्फे स्नेहसंमेलनात लायब्ररीच्या बाईंचे आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. भाषण एका संध्याकाळी लिहून झालं, पाठही पटकन झालं. अडकलं ते मंजुरीत. संमेलन समितीच्या सरांची सही झाल्याशिवाय कुणालाही माईक मिळणार नव्हता आणि ती सही काही केल्या होईना. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या भाषणात एकाच पुस्तकाची गोष्ट होती. मला ताऱ्यांवरचं एक पुस्तक हवं होतं, लायब्ररीत ते नव्हतं. बाईंनी मागणीच्या वहीत माझं नाव आणि पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. पुढच्या खरेदीत ते आलं. मग बाईंनी दाखल नोंदवहीत त्याची नोंद केली, शिक्के मारले, पाठीवर ५२० क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली (खगोलशास्त्राची पुस्तकं याच क्रमांकाला लागतात), आत तारखेचा कागद डकवला आणि ते कपाटात लावण्याआधी मला बोलावणं पाठवलं. वहीतलं माझं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला आभार मानायचे होते ते याचेच.

सरांनी नेमका हाच परिच्छेद खोडला. “शिक्के, नोंदवही हे कशाला? पाहुण्यांना कंटाळा येईल,” म्हणाले. त्या जागी लाल शाईत आलं, ‘ज्ञानमंदिराच्या निष्ठावान पुजारी, आमच्या आयुष्यातील दीपस्तंभ’. हे वाक्य कुणालाही लागू पडतं. मुख्याध्यापकांना, शिपाईकाकांना, अगदी बदली शिक्षकांनाही. मी परिच्छेद परत घालून कागद दिला, तो पुन्हा खोडून आला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर उभं राहायचं, सर तासावर गेलेत असं ऐकायचं, आणि परत यायचं. एकदा कागदच दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. तेव्हापासून मी मूळ प्रत घरी ठेवून नक्कल देऊ लागले. तुम्हीही तसंच करा.

शेवटी सरांचा खरा आक्षेप समजला: वेळ. दोन मिनिटं मिळाली होती आणि कागद लांब दिसत होता. तेव्हा मी घड्याळ लावून दोन्ही मसुदे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायची परवानगी मागितली. त्यांच्या मसुद्यात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, पालक असं संबोधन करण्यातच अर्धं मिनिट जात होतं. ही नावं सूत्रसंचालक आधीच घेतो, म्हणून मी फक्त ‘मान्यवर आणि मित्रहो’ ठेवलं. त्या वाचलेल्या वेळात पुस्तकाची गोष्ट अख्खी बसली. सरांनी घड्याळ पाहिलं, ‘दीपस्तंभ’ स्वतःच खोडला आणि सही केली. त्या सहीचा मला बक्षिसापेक्षा जास्त आनंद झाला.

म्हणून कागद पहिल्यांदा देतानाच वेळ मोजून वर लिहा. मंचावर टाळ्या आणि श्वास धरून दोन मिनिटांत दोनशेच्या आसपास शब्द नीट बोलता येतात. घरी भरभर वाचून मोजलेली वेळ फसवते. आणि काटछाट करायची वेळ आली तर विशेषणं काढा, प्रसंग ठेवा. पाहुण्यांना बाई माहीत नसतात. ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष’ ऐकून त्यांना काहीच दिसत नाही, मागणीच्या वहीतलं नाव मात्र दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला अगदी आदल्या दिवशी सुचली. बाई सभागृहात असतील का? बक्षिसाची पुस्तकं आणि प्रमाणपत्रं क्रमाने लावायचं काम बहुतेक लायब्ररीकडेच असतं, त्यामुळे ऐन भाषणाच्या वेळी त्या पडद्यामागे, गठ्ठ्यांमध्ये असणार होत्या. मी सूत्रसंचालक दादाला सांगून भाषण बक्षीस समारंभानंतर ठेवायला लावलं, आणि दोन मैत्रिणींना उरलेले गठ्ठे सांभाळायला बसवलं. बाईंना आधी विचारायलाही हवं. सगळ्यांसमोर आपलं नाव घेतलेलं काहींना आवडत नाही. आमच्या बाई म्हणाल्या, “बोल, पण मला मंचावर बोलावू नकोस.” मग त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि मी त्यांच्याकडे बघून बोलले.

माईक तोंडापासून वीतभर लांब धरा. ‘ग्रंथपाल’मधला ‘पा’ माईकच्या फार जवळ बोललात तर ठोका बसल्यासारखा येतो. नाव आणि हुद्दा बाईंकडूनच लिहून घ्या. आमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं आडनाव चुकलं होतं, भाषणात मात्र बरोबर गेलं.