वार बदलायचा राहून गेला

आज नेरूळला ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यशाळेत, तारीख बदलून फिरवलेल्या जुन्या सूचना कशा ओळखायच्या यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. भाषण कमी केलं, मोबाईलच मोठ्या पडद्याला जोडला. पाणी बंद असल्याची एक नमुना सूचना मीच बनवून नेली होती: ‘शुक्रवार, १४ जून २०२४’. फोटो एडिटरमध्ये शेवटच्या ४ वर पांढरा चौकोन टाकला, त्यावर ५ लिहिला. मिनिटही लागलं नाही.

मग विचारलं, ओळखा. आधी चित्र मोठं केलं. पुन्हापुन्हा फॉरवर्ड झालेल्या फोटोत अक्षरांच्या कडेला बारीक ठिपक्यांची धूळ दिसते. नव्या ५ भोवती मात्र सगळं स्वच्छ. पण मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कॅलेंडरच काढलं. “अहो, १४ जून २०२५ ला शनिवार होता!” बरोबर. वर्ष बदललं की वार सरकतो, आणि फसवणारे तो बदलायला बऱ्याचदा विसरतात. (हे आजोबा नक्की हिशेबखात्यातले.)

एका काकूंनी नेमकं विचारलं, “धूळ सारखी असेल, वारही जुळत असेल, तर खरं धरायचं?” नाही. पूर्ण सूचना नव्याने टाईप केली असेल, किंवा बदललेलं चित्र पुढे दहा ठिकाणी फिरलं असेल, तर खुणा पुसल्या जातात. म्हणून चित्र गूगल लेन्सला दाखवून जुनी प्रत सापडते का बघायचं, आणि पाण्याची सूचना असेल तर महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधायची. तिथे नसेल, तर वॉर्ड ऑफिसला फोन केल्याशिवाय पुढे पाठवायची नाही.