जीएसटी नंबरांच्या यादीतल्या टायपिंगच्या चुका मी कशा शोधल्या

सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते. आमच्या एका होलसेल हार्डवेअरच्या क्लायंटने जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घ्यायचं ठरवलं आणि त्यांची सगळी पार्टी मास्टर एक्सेलमध्ये माझ्याकडे आली. चार हजारांच्या आसपास पार्ट्या, प्रत्येकीपुढे जीएसटी नंबर. हे नंबर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी हाताने भरले होते. काही बिलावरच्या पुसट शिक्क्यावरून, काही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून, तर काही फोनवर ऐकून डायरीत उतरवलेले. नंबर चुकला की विक्रीचं बिल भलत्याच्या खात्यात जातं किंवा पोर्टल ते घेतच नाही, आणि समोरच्या पार्टीचं इनपुट क्रेडिट अडकतं. मग तो माणूस दुकानात येऊन भांडतो, आणि त्याचं भांडणं रास्तच असतं.

पोर्टलवर नंबर टाकून पार्टीचं नाव बघता येतं. पण तिथे एकेक नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा. इतक्या नंबरांचं असं करणं शक्य नव्हतं. म्हणून आधी चुकलेले नंबर वेगळे काढायचे आणि तेवढेच पोर्टलवर बघायचे, असं ठरवलं. हे जमतं, कारण जीएसटी नंबरातलं शेवटचं, पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. यालाच चेक डिजिट म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या नंबरात लुन यांची जी पद्धत वापरतात तिचंच हे मोठं रूप. तिथे दहा आकडे चालतात, इथे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून छत्तीस.

दुकानातले दिवाणजी काका मला म्हणाले, "ताई, मोजून पंधरा अक्षरं आहेत की! मग चूक कशी म्हणता?" त्यांना मी कागदावर एक नंबर सोडवून दाखवला, तोच इथे देते. नंबर मुद्दाम बनवलेला आहे. त्यातल्या पॅनचं चौथं अक्षर D आहे आणि तिथे D कधीच येत नाही, त्यामुळे तो कुणाचाच असू शकत नाही: `27AKMDP5817K1Z8`.

0 ते 9 यांची किंमत तेवढीच धरायची. A म्हणजे 10, B म्हणजे 11, असं करत Z म्हणजे 35. आता डावीकडून पहिल्या अक्षराला 1 ने गुणायचं, दुसऱ्याला 2 ने, तिसऱ्याला पुन्हा 1 ने, असं आलटून पालटून चौदाव्यापर्यंत. गुणाकार 36 किंवा त्याहून जास्त आला, तर त्याला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. उदाहरणार्थ, K म्हणजे 20, त्याची दुप्पट 40. 40 मध्ये 36 एकदा जातात, बाकी 4, म्हणून 1 आणि 4 मिळून 5. सगळं ओळीने मांडलं की असं दिसतं:

```
2  7   A   K  M   D   P   5   8  1  7  K  1  Z
2  14  10  5  22  26  25  10  8  2  7  5  1  35
```

खालच्या ओळीची बेरीज 172. तिला 36 ने भागलं की बाकी 28 उरते, आणि 36 मधून 28 गेले की 8. पंधराव्या जागी 8 च आहे, म्हणजे नंबर जुळला. (बाकी शून्य आली तर चेक डिजिटही शून्यच.) मग मी मधल्या 58 चं 85 केलं. बेरीज 175 झाली, बाकी 31, आणि शेवटी 5 यायला हवा होता. लिहिलेला होता 8. दिवाणजी काकांनी चष्मा वर केला आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

यादीवर हे चालवण्याआधी थोडी झाडलोट लागते. पीडीएफमधून उचललेल्या नंबरांमागे न दिसणारी रिकामी जागा चिकटून येते, साध्या `TRIM` ने ती जात नाही. A रकान्यात मूळ नंबर तसाच ठेवला आणि B मध्ये स्वच्छ केलेला घेतला:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")," ",""))
```

C मध्ये चेक डिजिट काढणारं सूत्र. ते एक्सेल २०२१ मध्ये किंवा ३६५ मध्ये चालतं, कारण `LET` आणि `SEQUENCE` जुन्या एक्सेलमध्ये नाहीत:

```
=LET(yadi,"0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ",
n,SEQUENCE(14),
p,(FIND(MID(B2,n,1),yadi)-1)*(2-MOD(n,2)),
s,SUM(p-35*INT(p/36)),
MID(yadi,MOD(-s,36)+1,1))
```

D मध्ये `=AND(LEN(B2)=15,RIGHT(B2,1)=C2)`. `FALSE` आलं की ती ओळ तपासायची. नंबरात डॅश किंवा टिंब घुसलेलं असेल तर सूत्र `#VALUE!` दाखवतं, तीही चूकच.

चेक डिजिटच्या जोडीला नंबराचा साचाही बघावा लागतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. तेराव्या जागी त्या राज्यातली त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते, आणि चौदाव्या जागी सहसा Z. काही वेगळ्या प्रकारच्या नोंदणीत चौदावं अक्षर दुसरं असतं, म्हणून तिथे मी फक्त खूण केली, नंबर बाद केला नाही. पॅनच्या चार आकड्यांत कुठे O आला तर तो 0 असणार आणि पाच अक्षरांत 0 आला तर O, हे साच्यावरूनच कळतं. अशा चुका भराभर निघाल्या.

खरा वेळ गेला तो साचा बरोबर पण चेक डिजिट चुकलेला अशा नंबरांवर. चूक आहे एवढं गणित सांगतं, कुठे आहे ते सांगत नाही. समजा वरचाच नंबर यादीत `27AKMDP5877K1Z8` असा आहे. बेरीज 184, बाकी 4, शेवटी 32 म्हणजे W हवा. आहे 8. आता प्रत्येक जागी नेमका एकच असा बदल असतो की ज्याने हिशोब पुन्हा जुळतो. तो मी जागेजागेला काढून पाहिला. पॅनच्या चार आकड्यांत फक्त तिसऱ्या जागी 7 चा 1 केला तर जुळतं. बाकी तीन जागी आकड्याऐवजी अक्षर यावं लागतं, म्हणजे ते बाद. राज्याच्या 27 चं 21 केलं तरी जुळतं, पण 21 म्हणजे ओडिशा आणि पार्टी सांगलीची. P चा D केला तरी जुळतं, आणि हा बदल झटकन सोडून देता येत नाही, कारण फोनवर पी आणि डी सारखेच ऐकू येतात. पण पॅनचं पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर असतं आणि फर्म किंवा कंपनीच्या बाबतीत तिच्या नावाचं. पार्टीचं नाव P वरून सुरू होत असेल तर D निकालात निघतो. राहिलेल्या बदलांत M चा A किंवा K चा W अशा जोड्या होत्या, ज्या ना दिसायला सारख्या ना ऐकायला. उरला 7 चा 1, जो घाईच्या अक्षरात सहज होतो. तरीही दुरुस्त केलेला प्रत्येक नंबर पोर्टलवर टाकून नाव पडताळल्याशिवाय मी मास्टरमध्ये घेतला नाही. हा अंदाज कितीही पक्का वाटला तरी अंदाजच आहे.

डायरीवरून आलेल्या नंबरांत आपल्याकडची एक खास चूक दिसली. जुनी माणसं आकडे देवनागरीत लिहितात, आणि भरणाऱ्या मुलांनी ४ चा 8 आणि १ चा 9 केला होता. हे लक्षात आल्यावर त्या डायरीतले नंबर मी याच दोन आकड्यांपासून बघायला घेतले, काम बरंच हलकं झालं.

चेक डिजिटच्या भरवशावर कुठवर राहायचं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. एकच अक्षर चुकलं तर ही पद्धत ते हमखास पकडते. शेजारची दोन अक्षरं उलटसुलट झाली तरी पकडते. अपवाद फक्त 0 आणि Z शेजारी असतील तर, पण जीएसटी नंबरात ते उलटले की साचाच मोडतो. सुटते ती एक जागा सोडून झालेली अदलाबदल. आपल्या नंबरात 5817 ऐवजी 1857 लिहा: दोन्ही जागांना 2 नेच गुणायचं असल्यामुळे बेरीज 172 च राहते आणि शेवटचा 8 जुळतो. नंबर चुकीचा, तरी एक्सेल `TRUE` म्हणतं. अनेक अक्षरं वेडीवाकडी चुकली तर छत्तिसातून एखादा नंबर योगायोगाने पार होणारच.

आणि काही चुका या गणिताच्या हद्दीतच येत नाहीत. एका पार्टीसमोर दुसरीचा नंबर कॉपी झालेला असेल तर तो पूर्ण खरा असतो, फक्त जागा चुकलेली. नोंदणी रद्द झालेला नंबरही चेक डिजिटला चोखच दिसतो. त्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. एकच नंबर दोन पार्ट्यांपुढे आहे का ते `COUNTIF` ने पाहिलं. आणि पॅनचं पाचवं अक्षर, म्हणजे `=MID(B2,7,1)`, वेगळ्या रकान्यात काढून नावाशेजारी ठेवलं. पॅनच्या चौथ्या जागी कंपनीचा C किंवा फर्मचा F आणि पाचवं अक्षर नावाशी जुळत नाही, अशा ओळी पोर्टलकडे पाठवल्या. चौथ्या जागी P असेल तर पॅन मालकाचं असतं, दुकानाचं नाव 'श्री गणेश ट्रेडर्स' असलं तरी पाचवं अक्षर मालकाच्या आडनावाचं. तिथे मालकाचं आडनाव दिवाणजी काकांनाच विचारलं. त्यांना बहुतेक सगळी तोंडपाठ होती.

नवं सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत नवीन पार्ट्या याच फाइलमध्ये भरायच्या होत्या. म्हणून D रकान्याला अट लावून ठेवली, चूक आली की ओळ लाल होते. आता काउंटरवरचा मुलगा पार्टी समोर उभी असतानाच नंबर पुन्हा विचारून घेतो.