एक तक्ता आणि दोन वेग स्थिरांक

द्वितीय वर्ष बी.एस्सी.ला रासायनिक गतिकी शिकवताना मी जी टिपणे विद्यार्थ्यांना देते, त्यांत नायट्रोजन डायऑक्साइडच्या विघटनाचा एक तक्ता आहे. ३०० अंश सेल्सिअसला २ NO₂ → २ NO + O₂ ही अभिक्रिया चालू असताना पाच वेळांना किती NO₂ उरला आणि किती ऑक्सिजन तयार झाला, एवढीच माहिती त्यात दिलेली आहे. सरावासाठी पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे फिरणारे हे आकडे आहेत. हा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर स्वतःच सोडवून दाखवत असे आणि त्यासाठी मला पंचवीस मिनिटे पुरत. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे त्या दिवशी घसा बसलेला असल्यामुळे मी विद्यार्थ्यांना सांगितले की पान उलटू नका आणि अभिक्रियेची कोटी, म्हणजे वर्गात सगळे म्हणतात ती ऑर्डर, आणि वेग स्थिरांक तुम्हीच काढा. अभिक्रियेचा वेग संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो ती कोटी, आणि त्या प्रमाणातला स्थिर गुणक k हा वेग स्थिरांक.

टिपणांत पहिले तीनच स्तंभ होते. शेवटचे दोन त्या दिवशी विद्यार्थ्यांनी काढले आणि मी फळ्यावर उतरवले. संहती मोल प्रति लिटरमध्ये आहे.

| वेळ (सेकंद) | [NO₂] | [O₂] | ln[NO₂] | 1/[NO₂] |
|---|---|---|---|---|
| ० | ०.०१०० | ० | −४.६०५ | १००.० |
| ५० | ०.००७९ | ०.००११ | −४.८४१ | १२६.६ |
| १०० | ०.००६५ | ०.००१८ | −५.०३६ | १५३.८ |
| २०० | ०.००४८ | ०.००२६ | −५.३३९ | २०८.३ |
| ३०० | ०.००३८ | ०.००३१ | −५.५७३ | २६३.२ |

शून्य कोटी लगेच बाद झाली. पहिल्या शंभर सेकंदांत संहती ०.००३५ ने घटते, दुसऱ्या शंभरांत ०.००१७ ने आणि तिसऱ्या शंभरांत केवळ ०.००१० ने, त्यामुळे वेग कायम राहिलेला नाही हे आलेख न काढताही दिसते. खरा प्रश्न पहिली कोटी की दुसरी, हा होता. पहिली असेल तर वेळेसमोर ln[NO₂] सरळ रेषेत उतरतो, दुसरी असेल तर १/[NO₂] सरळ रेषेत चढतो.

दहा मिनिटांत मागच्या बाकावरून उत्तर आले, "मॅडम, फर्स्ट ऑर्डर. आर स्क्वेअर ०.९८ आला." त्या विद्यार्थ्याने मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये वेळेसमोर ln[NO₂] मांडून त्यातून सरळ रेषा बसवली होती. रेषा बिंदूंना किती जुळते ते R² सांगतो, आणि तंतोतंत जुळली तर तो १ येतो. मी त्याच्या जवळ जाऊन पाहिले तर आकडा बरोबर होता, ०.९८३. आमच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत एवढा R² आला की आम्ही शिक्षकही समाधानाने सही करतो, त्यामुळे "हे चूक आहे" असे नुसते म्हणून चालणार नव्हते. चूक कुठे आहे ते त्याच्याच पडद्यावर दाखवणे भाग होते.

मी त्याला रेषा बाजूला ठेवायला सांगितली आणि लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंमधला उतार वेगवेगळा काढायला लावला. पहिल्या पन्नास सेकंदांत ln[NO₂] दर सेकंदाला ०.००४७ ने उतरतो, पुढच्या पन्नासांत ०.००३९ ने, मग ०.००३० ने आणि शेवटच्या शंभरांत ०.००२३ ने. अभिक्रिया खरोखर पहिल्या कोटीची असती तर हे चारही आकडे मोजमापाच्या चुकीपुरते इकडेतिकडे होऊन एकाच किमतीभोवती राहिले असते. इथे ते एकाच दिशेने घसरत जातात आणि शेवटचा पहिल्याच्या निम्म्यावर येतो. बसवलेल्या रेषेपासून बिंदू किती दूर आहेत तेही आम्ही पाहिले. दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या वर होते आणि मधले तीनही खाली. मोजमापाची चूक अशी शिस्तीत वागत नाही. रेषा वक्रावर जबरदस्तीने बसवली की नेमके असेच होते, आणि R² हे सांगत नाही, कारण तो सगळ्या अंतरांचे वर्ग एकत्र करतो, त्यांची चिन्हे कोणत्या क्रमाने येतात हे पाहत नाही. शिवाय ती रेषा शून्य वेळेला उभ्या अक्षाला −४.६६६ ला छेदते, म्हणजे सुरुवातीची संहती ०.००९४ ठरते, आणि तक्त्यात तर ती ०.०१०० अशी सरळ दिलेली आहे.

"पण पहिले तीनच बिंदू घेतले तर सरळच दिसते की," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते आणि माझ्या टिपणांतला मोठा दोष त्यातच होता, कारण अशा ठिकाणी काय करायचे ते मी कुठेही लिहिलेले नव्हते. शंभर सेकंदांपर्यंत NO₂ अवघा ३५ टक्के संपलेला आहे. एवढ्या अंतरात पहिल्या आणि दुसऱ्या कोटीचे वक्र एकमेकांना इतके लगटून चालतात की डोळ्याला फरक कळत नाही. अभिक्रिया निम्म्याहून बरीच पुढे जाईपर्यंतची मोजमापे हातात असतील तेव्हाच तक्ता कोटीबद्दल काही ठामपणे सांगू शकतो. आमच्या तक्त्यात ६२ टक्के विघटन झाले होते, म्हणून आमचे निभावले.

१/[NO₂] चा स्तंभ तपासला तेव्हा चार उतार आले ते असे: ०.५३२, ०.५४४, ०.५४५, ०.५४९. सगळ्या बिंदूंतून बसवलेल्या रेषेचा उतार ०.५४४ आणि शून्य वेळेचा छेद ९९.६, म्हणजे दिलेल्या १०० च्या अगदी जवळ. अर्धायुष्यानेही तेच सांगितले. आलेखावरून वाचले तर ०.०१०० चे ०.००५० व्हायला सुमारे १८४ सेकंद लागतात, पण ०.००७६ चे ०.००३८ व्हायला सुमारे २४२. पहिल्या कोटीत हे दोन्ही काळ सारखेच आले असते. इथे सुरुवातीची संहती कमी होताच अर्धायुष्य लांबते, आणि ते नेमके व्यस्त प्रमाणात लांबते. कोटी दुसरी, यावर वर्गाचे एकमत झाले.

मी फळ्यावर "k = ०.५४ लिटर प्रति मोल प्रति सेकंद" असे लिहून खडू ठेवला. टिपणांच्या पुढच्या पानावर हेच उत्तर छापलेले आहे.

तेव्हा खिडकीजवळच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. एरवी ती तासाला फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "मॅडम, माझे ०.२७ येते." तिने उतार अर्धा केला होता. मला वाटले की अभिक्रियेच्या समीकरणातला २ हा आकडा पाहून तिने उगीच भागाकार केला असावा, आणि मी तिला अर्धायुष्याने चूक दाखवायला निघाले. दुसऱ्या कोटीचे अर्धायुष्य म्हणजे १ ला k आणि सुरुवातीची संहती यांच्या गुणाकाराने भागून येणारा काळ. त्यात ०.२७ घातले तर ३७० सेकंद येतात, आणि तक्त्यात तर २०० सेकंदांनाच NO₂ निम्म्याहून खाली गेलेला आहे. "म्हणजे तुझे उत्तर तक्त्याशी जुळत नाही," मी म्हणाले.

ती गप्प बसली नाही. तिने टिपणांचे मागचे एक पान उघडून माझ्यासमोर धरले. तिथे मीच लिहिले होते की अभिक्रियेचा वेग म्हणजे कोणत्याही घटकाच्या संहतीच्या बदलाचा दर भागिले त्याचा समीकरणातील गुणक, म्हणजे NO₂ साठी −½ d[NO₂]/dt. "वेग जर हा असेल आणि तो k[NO₂]² इतका असेल," ती म्हणाली, "तर NO₂ घटण्याचा दर 2k[NO₂]² होतो. मग आलेखाचा उतार 2k ना? आणि तुमचे अर्धायुष्याचे सूत्रसुद्धा बदलेल, त्यात 2k येईल."

तिचे बरोबर होते. मी ज्या सूत्राने तिला खोडून काढायला निघाले होते ते सूत्रच −d[NO₂]/dt = k[NO₂]² असे धरून काढलेले आहे. एका पानावर मी वेगाची एक व्याख्या दिली होती आणि दुसऱ्या पानावर, काही न सांगता, दुसरीच वापरली होती. मापाचे एकक दोन्हीकडे तेच येत असल्यामुळे एककावरून ही विसंगती पकडता येत नाही. आलेखही तोच, रेषाही तीच. इतकी वर्षे ती तिथे होती आणि मला किंवा कोणालाही दिसली नव्हती.

मग मी तिसऱ्या, आतापर्यंत कोणी न वापरलेल्या ऑक्सिजनच्या स्तंभाकडे वळले. समीकरणात ऑक्सिजनचा गुणक १ आहे, त्यामुळे त्या पानावरच्या व्याख्येप्रमाणे अभिक्रियेचा वेग म्हणजेच ऑक्सिजन तयार होण्याचा दर. पहिल्या पन्नास सेकंदांत ऑक्सिजन ०.००११ झाला, म्हणजे सेकंदाला सरासरी ०.००००२२. दुसऱ्या कोटीत एखाद्या कालावधीतील [NO₂]² ची सरासरी म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या संहतीचा गुणाकार, इथे ०.०१०० × ०.००७९. त्याला ०.२७ ने गुणले की ०.००००२१ येतात, ०.५४ ने गुणले की ०.००००४३. तीनशे सेकंदांपर्यंतचा हिशेब तर अधिकच स्पष्ट होता. ०.५४ धरून ऑक्सिजन ०.००६२ व्हायला हवा होता, आणि तक्ता ०.००३१ दाखवतो. म्हणजे वेग जर ऑक्सिजनवरून मोजायचा असेल तर k ०.२७, आणि NO₂ नाहीसा होण्याच्या दरातला स्थिरांक सांगायचा असेल तर ०.५४. चूक दोन्हींपैकी एकाही आकड्यात नव्हती. तो कोणत्या वेगाचा स्थिरांक आहे हे न लिहिण्यात होती.

तास संपत आला होता, तरी एक शंका राहिली. तीन आकड्यांनिशी k लिहावा का, असे कोणीतरी विचारले. तक्त्यातील प्रत्येक संहती शेवटच्या स्थानी अर्ध्या घराने इकडेतिकडे असू शकते. सुरुवातीला यामुळे १/[NO₂] मध्ये ०.५ चाच फरक पडतो, पण ०.००३८ च्या ठिकाणी जवळजवळ ३.५ चा. व्यस्त घेतल्यावर शेवटचे बिंदू असे डळमळीत होतात आणि उताराला सर्वांत जास्त ओढतातही तेच. तेव्हा ०.५४४ मधला शेवटचा ४ मी पुसून टाकला. शिवाय बंद पात्रात NO आणि ऑक्सिजन पुन्हा एकत्र येऊन NO₂ बनवतात, आणि ही उलट अभिक्रिया या सरावाच्या तक्त्यात धरलेलीच नाही, हेही मी सांगितले. प्रयोगशाळेत मिळालेल्या आकड्यांवर हीच रीत चालवायची तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागेल.

त्या संध्याकाळी मी टिपणांचे ते पान बदलले. उत्तराच्या आधी आता एक ओळ आहे: −½ d[NO₂]/dt = k[NO₂]², म्हणून उतार = 2k = ०.५४ आणि k = ०.२७. पहिल्या कोटीची रेषा आणि तिचा ०.९८३ हा R² मी मुद्दाम तसाच छापला आहे, शेजारी चार उतारांसह. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र माझ्या टिपणांची जुनी प्रतच अजून विकली जाते, आणि दरवर्षी दोन-चार उत्तरपत्रिकांत जुन्या सूत्रासह ०.५४ येते. सोबत −d[NO₂]/dt असे लिहिलेले असेल तर मी पूर्ण गुण देते, नसेल तर अर्धा कापते.